परताव्याची सरकती खिडकी

निफ्टी 50 निर्देशांक 23 मार्च 2020 रोजी 7,610च्या आसपास बंद झाला आणि बरोबर वर्षाने 14,800च्या वर. त्यामुळे निफ्टी इंडेक्स फंडाचा त्या वर्षाचा परतावा सुमारे 95 टक्के दिसतो. सुरुवात वर्षभर आधी धरली, तर त्याच फंडात वर्षअखेर एक तृतीयांश रक्कम घटलेली दिसते. फंड तोच, फक्त तारीख सरकली.

रोलिंग परताव्यात सोयीची तारीख निवडताच येत नाही. तीन वर्षांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकवायची आणि प्रत्येक वेळी वार्षिक परतावा मोजायचा. दहा वर्षांच्या नोंदींतून असे सुमारे 1,700 आकडे मिळतात. त्यांतला मधला आकडा, सर्वांत वाईट आकडा आणि मुदत ठेवीपेक्षा कमी ठरलेल्या खिडक्यांचे प्रमाण पाहावे. मात्र शेजारच्या खिडक्यांचे दिवस बहुतांशी सामाईक असल्याने एकच पडझड शेकडो खिडक्यांत उमटते.