रंगावर जाऊ नका, बोट टेकवा

आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी गावाहून येताना शेताच्या बांधावरून कोरफडीचं एक रोप उपटून आणलं. कुंडीत लावताना त्याचं एक पान मोडलं. ते वाया का घालवायचं, म्हणून त्यांनी त्याचा रस हातांना चोळला. तासाभरात दोन्ही मनगटं लालबुंद झाली, खाज सुटली आणि संध्याकाळपर्यंत बारीक पुरळ उठलं. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "अगं, कोरफडीची सुद्धा ॲलर्जी असते का गं?" कुंडी बघितल्यावर उलगडा झाला. ती कोरफड नव्हतीच, ती घायपात होती.

घायपात म्हणजे आपल्याकडे बांधावर, रेल्वेच्या रुळांकडेला कुंपणासाठी लावतात ती झुडपं. काही भागांत त्यांना केकताड म्हणतात आणि त्यांच्या पानांतून निघणाऱ्या वाखाचे दोर वळतात. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली, मेक्सिकोकडची, तर कोरफड अरबस्तानाकडची. दोघींचा जवळचा नातेसंबंध नाही. कोरड्या हवेत पाणी साठवायची गरज दोघींना पडली, म्हणून दोघींची पानं मांसल झाली आणि जमिनीलगत गुलाबाच्या पाकळ्यांसारखी एकाभोवती एक रचली गेली. लांबून फसगत होते ती यामुळेच. घायपातीच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते त्वचेत टोचतात आणि रसातल्या इतर दाहक द्रव्यांमुळे आग वाढते.

म्हणून ओळख पटवण्यासाठी पान मोडू नका, आधी त्याच्या टोकाला जपून बोट लावा. घायपातीच्या पानाचं टोक काळपट, लाकडासारखं टणक आणि सुईसारखं टोचणारं असतं. कोरफडीचं पान निमुळतं होत जातं, पण टोकाला असा खिळा नसतो. मग कडेवरून बोट फिरवा. कोरफडीच्या कडेचे दात फिकट आणि मऊसर असतात, ते खरवडतात, सहसा रक्त काढत नाहीत. घायपातीचे दात बहुधा आकड्यासारखे वाकडे आणि कठीण असतात. आणखी एक खूण बघण्यासारखी आहे. घायपातीची कोवळी पानं मधल्या कोंबात एकमेकांना इतकी घट्ट चिकटून वाढतात, की शेजारच्या पानाच्या दातांचा ठसा पानावर उमटतो आणि पान उघडल्यावरही तो तसाच राहतो. कोरफडीवर असा ठसा नसतो.

टोक आणि कडा पाहून खात्री पटली, तरच पान कापा. कोरफडीचं पान सुरीने सहज कापलं जातं. सालीखालून पिवळट, अतिशय कडू चीक ओघळतो आणि आत पारदर्शक, निसरडा गर दिसतो. त्यात धागे नसतात. घायपातीत सुरी अडते आणि लांब, चिवट धागे ओढले जातात. कोरफडीचा पिवळा चीकही पोटात जाऊ देऊ नये, तो तीव्र रेचक आहे. हाच चीक वाळवून काळाबोळ करतात. गर वापरायचा असेल तर कापलेलं पान पंधरावीस मिनिटं उभं ठेवून चीक निथळू द्यावा आणि मग धुवावं.

उलट चूकही होते. कोरफडीची पिल्लं मोठ्या झाडासारखी दिसत नाहीत. त्यांची पानं समोरासमोर दोन रांगांत, पंख्यासारखी येतात आणि त्यांवर पांढरे ठिपके असतात. झाड वाढलं की पानं गोलाकार रचली जातात आणि ठिपके बरेचसे जातात. त्यामुळे नर्सरीतून आणलेलं ठिपकेवालं रोप खोटंच, असं समजू नये. स्नेक प्लांट मात्र लगेच ओळखू येतो, कारण त्याच्या पानाच्या कडेला दातच नसतात. हातात मावणारी, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची हॉवर्थिया शोभेची असते, तिच्यात काढण्याजोगा गर नसतो.

आता दुखण्याकडे वळू, कारण तिथेही डोळा असाच फसवतो. गेल्या वर्षी माझ्याकडे कोरफडीच्या दोन कुंड्या होत्या आणि दोन्हींची पानं तपकिरी झाली. पहिली कुंडी हिवाळाभर घरात खिडकीपासून दूर होती. एप्रिलमध्ये मी ती एकदम गच्चीवर नेली. चार दिवसांत पानांच्या उन्हाकडच्या बाजूवर फिकट, पांढुरके चट्टे पडले आणि पुढे ते वाळक्या तपकिरी रंगाचे झाले. बोटाने दाबलं तर पान घट्टच होतं. चट्टा कोरडा होता आणि सावलीकडची बाजू हिरवीगार होती. हे उन्हाने भाजणं. चट्ट्याच्या कडेने मी पेनने बारीक रेघ ओढली. आठवड्याने पाहिलं तर चट्टा रेघेच्या पलीकडे गेला नव्हता. असा डाग पुन्हा हिरवा होत नाही, पण पान जगतं. मी कुंडी सकाळच्या उन्हात हलवली, एवढंच केलं. अख्खं झाड तांबूस झालं आणि पानं टणक राहिली, तर ते भाजणंही नाही. भर उन्हापासून बचाव म्हणून पान रंग बदलतं आणि सावलीत काही आठवड्यांत हिरवं होतं.

दुसरी कुंडी जुलैमध्ये पावसात राहिली. तिची खालची पानं बुडाशी काळपट झाली. दाबल्यावर बोट आत गेलं, पाणी आलं आणि कुजका वास आला. पेनची रेघ दोन दिवसांत मागे पडली आणि पान हलकेच ओढल्यावर हातात आलं. ही कूज होती. तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे झाड मारणंच. तहानलेली कोरफडही मलूल दिसते, पण तिची पानं पातळ होऊन आत वळतात, माती कोरडी असते आणि बूड घट्ट असतं. माती ओली असूनही पान लोळलं, तर मुळं गेली समजा.

मी ते झाड मातीसकट बाहेर काढलं, माती झटकली आणि साल निसटणारी मऊ, तपकिरी मुळं कापली. दर वेळी सुरी पुसून, कापलेला भाग आतून स्वच्छ दिसेपर्यंत खोडाकडे गेले. मग झाड सावलीत पाच दिवस उघडं ठेवलं, म्हणजे जखमा सुकल्या. निम्मी माती, निम्मी जाडी वाळू आणि विटेचा चुरा अशा मिश्रणात, तळाला भोक असलेल्या कुंडीत ते लावलं आणि आठवडाभर पाणी दिलं नाही. मधला कोंब घट्ट होता, म्हणून ते तगलं. कोंबच मऊ झाला असता, तर मोठं झाड सोडून बाजूची निरोगी पिल्लं तेवढी वाचवली असती.

काकूंनी ती घायपात कुंपणालगत लावली आहे आणि तिच्याजवळ जाताना त्या हातमोजे घालतात. माझ्या कुंडीतलं एक पिल्लू आता त्यांच्या खिडकीत आहे. पाणी घालायच्या आधी त्या माती दोन बोटं खोल चाचपतात आणि ओली लागली तर तांब्या परत ठेवतात.