ऑर्डर आपोआप सुटते, पण कधी सुटावी?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतला एक मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. तिथे पाण्याच्या पंपांच्या मोटारी बनतात. प्रत्येक मोटारीला ६२०५ क्रमांकाच्या दोन बेअरिंग लागतात. बेअरिंग तशी स्वस्त वस्तू, पण ती संपली की तांब्याच्या तारेचे वाइंडिंग झालेल्या, रंग दिलेल्या मोटारी जुळणीच्या टेबलावर अडून बसतात. म्हणून स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूसाठी एक पातळी ठरवलेली असते. साठा त्या पातळीखाली गेला की खरेदीची ऑर्डर काढायची. स्टोअरकीपर तिला ‘रिऑर्डर लेव्हल’ म्हणतो. ही कल्पना जुनी आहे, आर. एच. विल्सन यांनी ती १९३४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये पद्धतशीर मांडली होती. आता बदलले एवढेच, की पातळीवर नजर ठेवण्याचे आणि ऑर्डर लिहिण्याचे काम संगणक करतो.

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्तस्रोत प्रणाली अनेक छोटे कारखाने वापरतात. तिच्यात प्रत्येक वस्तूसाठी रिऑर्डर लेव्हल आणि मागवायचे प्रमाण भरून ठेवता येते. प्रणाली रोज एकदा सगळ्या वस्तूंचा साठा तपासते आणि पातळीखाली गेलेल्या वस्तूंचे मागणीपत्र स्वतःच तयार करते. त्यावरून पुरवठादाराच्या नावाची खरेदी ऑर्डर, म्हणजे पीओ, बनते. एवढे बसवायला फार वेळ लागत नाही. पण पातळीचा आकडा चुकलेला असेल, तर संगणक ती चूक रोज रात्री न चुकता करत राहतो. म्हणून तो आकडा कुठून आणायचा, हे आधी पाहायला हवे.

पुरवठादार सात दिवस म्हणतो

आपल्या कारखान्यात दिवसाला सरासरी २५ बेअरिंग लागतात असे धरू. सुट्ट्याही हिशेबात घेऊन, महिन्याच्या खपाला तीस दिवसांनी भागून ही सरासरी काढली आहे, कारण माल येण्याचे दिवसही आपण कॅलेंडरवरच मोजणार आहोत. एक आकडा कामाच्या दिवसांचा आणि दुसरा कॅलेंडरचा घेतला, की सगळे गणित बिघडते.

पुण्याचा विक्रेता म्हणतो, ‘सात दिवसांत माल देतो.’ तो खोटे बोलत नाही. तो पीओ हातात पडल्यापासून ट्रान्सपोर्टकडे माल देईपर्यंतचे दिवस मोजतो. कारखान्याचे दिवस मात्र त्याआधी सुरू होतात आणि नंतर संपतात. साठा पातळीखाली गेला तो दिवस, मग मागणीपत्र, दर विचारणे, मालकांची सही, मग पुरवठादाराचे सात दिवस, गाडी येणे, इनवर्ड नोंद, तपासणी आणि शेवटी जीआरएन. बेअरिंग वापरायला मिळते ती जीआरएन झाल्यावरच. म्हणून लीड टाइम मोजायचा तो पातळी ओलांडल्याच्या दिवसापासून जीआरएनच्या दिवसापर्यंत.

स्टोअरच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि मागच्या आठ ऑर्डरींचे दिवस असे निघाले असे समजा: ८, ९, ७, १४, ९, ८, १६, ९. सरासरी १० दिवस. सात दिवस धरून चालणारा स्टोअरकीपर १७५ बेअरिंग उरल्यावर ऑर्डर काढेल, आणि प्रत्यक्षात दहा दिवसांत २५० लागतील. तो आळशी नाही, विसराळूही नाही; त्याच्या हातातला आकडाच दुसऱ्याच्या सोयीचा आहे.

सरासरी पुरत नाही

मग २५० वर ऑर्डर काढली तर? दहा दिवसांत माल आला तर शेवटची बेअरिंग वापरली जाते तेव्हा गाडी दारात असेल. पण चौदा किंवा सोळा दिवस लागले, की काम थांबणार. त्यासाठी जो जादा साठा ठेवायचा, तो सेफ्टी स्टॉक. बरेच जण तो अंदाजाने ‘पंधरा दिवसांचा माल’ असा ठरवतात. मोजून ठरवायचा तर दोन गोष्टींचा चढउतार पाहावा लागतो: रोजचा खप किती हलतो आणि माल येण्याचे दिवस किती हलतात.

हा चढउतार प्रमाण विचलनाने मोजतात. एक्सेलमध्ये एका सूत्राने ते निघते. वरच्या आठ ऑर्डरींचे विचलन साधारण ३.२ दिवस येते. रोजच्या खपाचे विचलन ८ बेअरिंग धरू. आता खपामुळे येणारी अनिश्चितता म्हणजे लीड टाइमचे १० दिवस गुणिले ८ चा वर्ग, म्हणजे ६४०. माल येण्याच्या दिवसांमुळे येणारी अनिश्चितता म्हणजे २५ चा वर्ग गुणिले ३.२ चा वर्ग, म्हणजे ६४००. दोन्हींची बेरीज ७०४०, तिचे वर्गमूळ सुमारे ८४. वीसपैकी एकोणीस खेपांना माल संपू नये असे वाटत असेल तर त्याला १.६५ ने गुणायचे. सेफ्टी स्टॉक येतो साधारण १४०. दहा दिवसांचे २५० आणि हे १४० मिळून रिऑर्डर लेव्हल ३९०.

या गणितातल्या ६४० आणि ६४०० या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहा. कारखान्यात माल कमी पडला की खरेदी विभाग बहुतेक वेळा विक्री विभागाकडे बोट दाखवतो: ‘मागणी अचानक वाढली.’ इथे अनिश्चिततेचा नव्वद टक्क्यांहून मोठा भाग मागणीतून येतच नाही. तो माल कधी येईल हे ठरलेले नसण्यातून येतो. हाच पुरवठादार दर वेळी बरोबर दहाव्या दिवशी माल देऊ लागला, तर सेफ्टी स्टॉक १४० वरून ४२ वर येईल. दिवस कमी करायला नको, फक्त ते ठरलेले हवेत.

सूत्राची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. आठ ऑर्डरी म्हणजे थोडीच माहिती, आणि उशीर नेहमी एकाच बाजूला लांबतो. सोळा दिवस लागले तर २५ च्या खपाने ४०० बेअरिंग लागतील आणि पातळी आहे ३९०. म्हणून लांबलेल्या ऑर्डरी नुसत्या सरासरीत न मिसळता एकेक करून पाहाव्यात. आपल्या उदाहरणात चौदा दिवसांची ऑर्डर चार दिवस सहीसाठी टेबलावर पडून होती. हा उशीर पुरवठादाराचा नाही, आणि स्वयंचलित पीओमुळे थेट वाचतो तो हाच. सोळा दिवसांची ऑर्डर दिवाळीत अडकली होती. तिच्यासाठी वर्षभर जादा साठा बाळगण्यापेक्षा दिवाळीच्या आधी महिनाभर पातळी वाढवणे शहाणपणाचे.

फळीवरचा साठा आणि खरा साठा

आता पातळी ठरली. संगणकाला सांगायचे, ‘साठा ३९० च्या खाली गेला की ७०० चा पीओ काढ.’ इथेच सगळ्यात महागडी चूक होते. सोमवारी रात्री फळीवर ३८० आहेत; पीओ निघाला. मंगळवारी फळीवर ३५५ आहेत, माल अजून वाटेत आहे. संगणक फक्त फळी पाहत असेल, तर तो आणखी ७०० मागवेल, आणि बुधवारी आणखी. माल येईपर्यंत दहा दिवसांत दहा ऑर्डरी.

म्हणून तुलना करायची ती फळीवरच्या साठ्याशी नाही. फळीवर आहे ते, अधिक मागवलेले पण न आलेले, वजा कोणत्या तरी कामासाठी राखून ठेवलेले, एवढा हिशेब करून जो आकडा येतो त्याच्याशी. ईआरपीनेक्स्टमध्ये हा आकडा `Projected Qty` या नावाने दिसतो आणि प्रणाली तोच तपासते. पण अनेक कारखाने एक्सेलमध्ये किंवा स्वतः लिहून घेतलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये हे काम करतात, तिथे ही वजाबाकी मुद्दाम घालावी लागते:

```
position = on_hand + on_order - reserved
if position <= reorder_level:
    create_draft_po(item, order_qty)
```

यातून उलट दिशेची चूकही उगवते. पुरवठादाराने ७०० ऐवजी ६८० पाठवल्या आणि ‘राहिलेल्या पुढच्या वेळी’ म्हणाला. त्या वीस कधीच आल्या नाहीत, पण जुना पीओ उघडाच राहिला. असे तीन पीओ साठले की कागदावर ६० बेअरिंग ‘येणार’ आहेत, म्हणजे दोन दिवसांहून जास्तीचा खप. तेवढे दिवस पुढची ऑर्डर उशिरा निघते आणि कोणाला कारण कळत नाही. उपाय सोपा आहे: ठरलेल्या तारखेनंतर पंधरा दिवस उलटलेल्या सगळ्या उघड्या पीओंची यादी दर आठवड्याला काढायची आणि येणार नाही तो माल रद्द करून पीओ बंद करायचा. इश्यू स्लिप उशिरा नोंदवली गेली तरी हेच होते. सकाळी घेतलेला माल शनिवारी नोंदवला जात असेल, तर संगणकाला आठवडाभर साठा भरलेला दिसतो.

पीओ थेट पाठवावा का?

पीओ म्हणजे पैशाचा शब्द, म्हणून वरच्या ओळींत तो कच्चा ठेवला आहे. ईआरपीनेक्स्टही आपणहून मागणीपत्रापर्यंतच जाते. पीओ माणूस काढतो. दर आधीच करारात ठरलेला असेल, रक्कम ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल आणि प्रमाण नेहमीचेच असेल, तर सही न मागता पीओ जाऊ द्यावा. तांब्याच्या तारेसारखा रोज दर बदलणारा माल, बदललेला नमुना किंवा पहिलाच पुरवठादार असेल तर थांबावे. सगळ्याच पीओंवर सही ठेवली, तर ते चार दिवस पुन्हा टेबलावर जातात.

पातळीही एकदा भरून विसरण्यासारखी नसते. ईआरपीनेक्स्टमध्ये `Itemwise Recommended Reorder Level` नावाचा अहवाल सरासरी खप, लीड टाइम आणि सेफ्टी स्टॉकवरून नवी पातळी सुचवतो. पण त्यातले लीड टाइमचे दिवस वस्तूच्या नोंदीत आपणच भरलेले असतात. तिथे अजून विक्रेत्याचे सात दिवस असतील, तर अहवालही सातच धरेल. दर तिमाहीला जीआरएनवरून खरे दिवस काढून तो रकाना दुरुस्त करावा.

पातळी बरोबर बसली की नाही, हे कळायला एकच नोंद पुरते: माल घेऊन गाडी दारात येते त्या क्षणी फळीवर किती उरले होते? पाच-सहा खेपांची सरासरी काढा. ती सेफ्टी स्टॉकच्या, आपल्या उदाहरणात १४० च्या, आसपास असेल तर पातळी ठीक आहे. दर वेळी ३०० उरत असतील तर पैसा फळीवर अडकला आहे. पातळी खाली आणा. दोन-तीनदा शून्याला टेकला असेल, तर आधी उघडे पीओ आणि इश्यू स्लिपा तपासा, आणि तिथे चूक नसेल तरच पातळी वाढवा. हीच नोंद पुरवठादारासमोरही ठेवता येते. ‘लवकर द्या’ या विनवणीपेक्षा ‘तुमच्या दिवसांच्या चढउतारामुळे आम्हाला शंभर बेअरिंग जास्त बाळगाव्या लागतात’ हे त्याला नीट समजते.