वाफेचा व्हॉल्व्ह दहा टक्के उघडल्यावर

साखर कारखान्यात सल्फिटेशनआधी उसाचा रस ज्यूस हीटरमध्ये साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तापमान जागेवर ठेवायला कंट्रोलर वाफेचा व्हॉल्व्ह उघड-बंद करत असतो. तो नीट जुळवायचा तर हीटर कसा वागतो हे आधी माहीत हवं. कागदावर समीकरणं मांडता येतात, पण नळ्यांच्या आत किती थर साचलाय हे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नसतं. त्यामुळे चालू हीटरवरच एक छोटी चाचणी घेतली जाते.

कंट्रोलर मॅन्युअलवर टाकायचा, तापमान स्थिर होऊ द्यायचं आणि व्हॉल्व्ह एकदम थोडासा उघडायचा. नंतर हात न लावता तापमानाचा आलेख पाहत राहायचं. समजा, व्हॉल्व्ह ४० टक्क्यांवरून ५० वर नेला. पहिला अर्धा मिनिट जवळजवळ काहीच घडलं नाही. मग तापमान चढू लागलं आणि सुरुवातीच्या ६५ अंशांवरून ७२ वर जाऊन थांबलं. हे सगळं वागणं तीन आकड्यांत मावतं: गेन, डेड टाइम आणि टाइम कॉन्स्टंट.

गेन सोपा आहे. व्हॉल्व्ह १० टक्के हलला, तापमान ७ अंश वाढलं, म्हणजे टक्क्यामागे ०.७ अंश. उरलेले दोन आकडे वेळेचे आहेत: प्रतिसाद सुरू व्हायला किती उशीर, आणि सुरू झाल्यावर चढायला किती वेळ.

झीगलर आणि निकोल्स या दोन अमेरिकी अभियंत्यांनी १९४२ साली यासाठी आलेखाला जिथे सर्वांत जास्त चढ आहे तिथे स्पर्शरेषा काढायची रीत मांडली. ही रेषा सुरुवातीच्या पातळीला जिथे छेदते तिथे डेड टाइम संपतो. पण प्रत्यक्षातला आलेख थरथरता असतो. त्यावर दोघांनी रेषा काढली तर ती दोन वेगळ्या जागी पडते. म्हणून पुढे आलेखावरचे फक्त दोन क्षण वाचायची पद्धत रुळली, आणि ती जास्त भरवशाची आहे.

एकूण वाढीपैकी २८.३ टक्के वाढ कधी झाली आणि ६३.२ टक्के कधी, हे ते दोन क्षण. आकडे विचित्र वाटतात, पण त्यामागे साधा हिशेब आहे. असं मॉडेल डेड टाइमनंतर एका टाइम कॉन्स्टंटमध्ये ६३.२ टक्के अंतर कापतं आणि त्याच्या एक तृतीयांश वेळात २८.३ टक्के. दोन क्षणांमधलं अंतर म्हणजे टाइम कॉन्स्टंटचे दोन तृतीयांश. ते दीडपट केलं की टाइम कॉन्स्टंट मिळतो.

आपल्या हीटरमध्ये २८.३ टक्के म्हणजे जवळपास ६७ अंश. ते ५० सेकंदांनी आले. ६३.२ टक्के म्हणजे ६९.४ अंश, ते ९० सेकंदांनी. फरक ४० सेकंद, त्याची दीडपट ६०. हा झाला टाइम कॉन्स्टंट. ९० मधून ६० वजा केले की डेड टाइम ३० सेकंद.

या ३० सेकंदांचा अर्थ मात्र जपून लावायला हवा. रस हीटरमधून निघून तापमापकापर्यंत पोहोचायला कदाचित दहाच सेकंद लागत असतील. बाकीचे नळ्यांचा धातू तापण्यात, तापमापकाचं धातूचं कवच तापण्यात आणि व्हॉल्व्ह हलण्यात जातात. असे अनेक छोटे विलंब एकामागोमाग आले की आलेखाची सुरुवात सपाट दिसते, आणि मॉडेल त्या सगळ्यांना डेड टाइमच्या खात्यात टाकतं. पाइप मोजून काढलेला डेड टाइम म्हणूनच कमी भरतो.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते घाईमुळे. १५० सेकंदांना तापमान ७१ च्या आसपास असतं, आलेख आडवा होत चाललेला दिसतो, आणि चाचणी तिथेच थांबवली जाते. मग गेन ०.७ ऐवजी ०.६ येतो आणि टाइम कॉन्स्टंट ६० ऐवजी सुमारे ४५. शेवटची पातळी चुकली की दोन्ही टक्के चुकतात, त्यांचे क्षणही सरकतात. डेड टाइमनंतर टाइम कॉन्स्टंटच्या चार-पाच पट वेळ द्यावा लागतो. इथे चाचणी साडेचार ते साडेपाच मिनिटं चालायला हवी.

चाचणी चालू असताना रसाचा प्रवाह किंवा वाफेचा दाब बदलला तरी तापमान हलतं, आणि ते श्रेय चुकून व्हॉल्व्हला जातं. हे पकडायला व्हॉल्व्ह पुन्हा ४० वर आणायचा. तापमान ६५ च्या आसपास परतलं नाही तर मधे दुसरं काहीतरी बदललं, किंवा व्हॉल्व्ह अडकतोय. मिळालेल्या तीन आकड्यांवरून काढलेला आलेख मोजलेल्या आलेखावर ठेवून पाहिला की उरलेली शंका फिटते.

हे आकडे ज्या प्रवाहाला मोजले त्याच प्रवाहाचे असतात. गाळप मंदावलं की तेवढीच वाफ कमी रसाला मिळते, म्हणून गेन वाढतो. रस सावकाश वाहतो, म्हणून डेड टाइमही वाढतो. या दोन्ही गोष्टी तापमानाला हेलकावे खायला लावतात. पूर्ण गाळपावर जुळवलेला कंट्रोलर कमी गाळपात झुलू लागला, तर मंद प्रवाहावर तीच चाचणी पुन्हा घेऊन त्या आकड्यांनी तो जुळवणं सुरक्षित ठरतं, मग पूर्ण गाळपात तो थोडा संथ चालला तरी.