अपिलाची खरी मुदत आणि पाठपुराव्याचे पत्र

माहिती अधिकारात पहिल्या अपिलाच्या निर्णयाला मुदत आहे, दुसऱ्याच्या निर्णयाला नाही. हे माहीत नसल्याने लोक पहिल्या अपिलात गप्प बसतात आणि दुसऱ्यात घाई करतात, म्हणजे नेमके उलटे.

समजा, गावातल्या एका शेतकऱ्याने फेरफाराच्या नोंदीसाठी केलेला अर्ज तहसील कार्यालयात ५ जानेवारीला पोचला. उत्तराची तीस दिवसांची मुदत ४ फेब्रुवारीला संपली आणि काहीच आले नाही. कायद्याच्या दृष्टीने हा नकारच. इथून तीस दिवसांत पहिले अपील करायचे. ते १० फेब्रुवारीला पोचले, तर निर्णय १२ मार्चपर्यंत यायला हवा. कारणे लेखी नोंदवून फार तर २७ मार्चपर्यंत. म्हणून १३ मार्चला एक छोटे पत्र द्यावे: “माझे १० फेब्रुवारीचे अपील, आवक क्रमांक अमुक. सुनावणीची तारीख ठरली असल्यास कृपया कळवावी.” एवढेच. त्यात नवी माहिती मागितली, तर कारकून ते पत्र नवा अर्ज म्हणून नोंदवू शकतो आणि मूळ नस्ती तशीच पडून राहते.

निर्णय नाहीच आला, तर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करायला नव्वद दिवस असतात. मी ते १२ मार्चपासूनच मोजायला सांगेन, म्हणजे १० जूनपर्यंत. २७ मार्चपासून मोजले, तर उशिराचा वाद उगाच ओढवतो. पण घाईही नको: पहिल्या अपिलाची मुदत संपण्याआधीच आयोगाकडे धाव घेतली, तर अपील अपरिपक्व ठरते.

आयोगाने किती दिवसांत निकाल द्यावा, हे कायद्यात लिहिलेले नाही. प्रलंबित अपिले हजारोंनी आहेत. महिने गृहीत धरावेत, वर्षही लागू शकते. या काळात सगळ्यात महागात पडते ते तेच अपील पुन्हा दाखल करणे. अपिले साधारणपणे नोंदणीच्या क्रमाने सुनावणीला येतात. दुसऱ्या प्रतीला नवा क्रमांक मिळाला की ती रांगेच्या शेवटी जाते आणि कोणते अपील खरे, हा घोळ वेगळाच. मूळ अर्ज, पहिले अपील किंवा त्याची पोच जोडायची राहिली, तर आयोग त्रुटी कळवतो. ती पूर्तता आधीच्याच क्रमांकाचा उल्लेख करून करावी, नव्या अपिलाने नव्हे.

दर तीन-चार महिन्यांनी संबंधित खंडपीठाला एक पत्र पुरे. लवकर सुनावणी हवी असेल, तर पुराव्यासह एकच कारण सांगावे: आजारपण, वय किंवा त्या माहितीवर अवलंबून असलेली कोर्टाची तारीख. “अन्याय झाला” एवढ्याने अपील पुढे सरकत नाही. पत्ता बदलला, तर तोही त्याच क्रमांकावर कळवावा; नोटीस जुन्या घरी गेली, तर सुनावणी तुमच्याशिवाय होते.