तारीख कुठून मोजायची?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या फाउंड्रीला नवी मोल्डिंग लाइन बसवायची असते. बँकेत प्रस्ताव जातो, चकरा होतात, कागदांवर कागद लागतात आणि एक दिवस मंजुरीपत्र हातात पडतं. मालक त्यातली पहिली दोन पानं बारकाईनं वाचतो : रक्कम किती, व्याजदर काय, प्रोसेसिंग फी किती. बाकीच्या पानांवर सही-शिक्के होतात आणि पत्र फायलीत जातं. कर्ज फिटेपर्यंत कंपनीनं कधी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे मात्र त्या बाकीच्या पानांवर लिहिलेलं असतं.

ही कलमं कॅलेंडरवर उतरवायचं काम अकाउंट्स विभागाकडे येतं. वरवर पाहता ते नकलेचं काम वाटतं. पण मंजुरीपत्रात तारखा फारशा नसतातच, असतात त्या मुदती. ‘पहिल्या उचलीपासून १२ महिने’, ‘तारण निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत’, ‘आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत’. मुदतीची तारीख करायची तर मोजणी कुठल्या घटनेपासून सुरू होते ते आधी शोधावं लागतं. एकाच पत्रात अशा चार-पाच वेगवेगळ्या घटना असतात आणि घोळ होतो तो बहुधा तिथंच.

समजण्यासाठी एक बेतलेलं उदाहरण घेऊ. एका प्रायव्हेट लिमिटेड फाउंड्रीला १० एप्रिल २०२५ रोजी दोन कर्जं मंजूर झाली : मशिनरीसाठी ६ कोटींचं मुदत कर्ज आणि खेळत्या भांडवलासाठी ४ कोटींची कॅश क्रेडिट मर्यादा. मुदत कर्जाचं कलम असं : ‘पहिल्या उचलीपासून एकूण ८४ महिने, त्यात १२ महिन्यांचा मोरेटोरियम, नंतर ७२ मासिक हप्ते, प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मोरेटोरियममध्ये व्याज दरमहा भरावे.’ मशिनरी टप्प्याटप्प्यानं आली, म्हणून पैसेही टप्प्यानं उचलले गेले. पहिली उचल १८ जून २०२५ ला झाली, शेवटची ५ नोव्हेंबरला.

आता पहिला हप्ता कधी? मंजुरीच्या तारखेपासून मोजलं तर ३० एप्रिल २०२६. शेवटच्या उचलीपासून मोजलं तर ३० नोव्हेंबर. कलमात मात्र ‘पहिल्या उचलीपासून’ असं स्पष्ट आहे, त्यामुळे मोरेटोरियम १७ जून २०२६ ला संपतो आणि पहिला हप्ता ३० जूनला येतो. सहा कोटींचे ७२ समान भाग केले की पैशांत अपूर्णांक उरतो, म्हणून बँक हप्ता गोल करते. इथं ८,३३,००० रुपयांचे ७१ हप्ते आणि ३१ मे २०३२ रोजी ८,५७,००० रुपयांचा शेवटचा. व्याज वेगळं. ते रेपो दराशी जोडलेलं असेल तर दर तीन महिन्यांतून निदान एकदा बदलू शकतं. म्हणून कॅलेंडरवर मुद्दल पक्कं लिहावं आणि व्याज ‘अंदाजे’ म्हणून.

नोव्हेंबर धरून बसलेल्या कंपनीचं काय होईल, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांवरून दिवसानिशी सांगता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं स्वतःच उदाहरण दिलं आहे : ३१ मार्च २०२१ चा हप्ता त्या दिवसअखेर आला नाही, तर खातं त्याच दिवशी थकीत होतं, ३० एप्रिलला एसएमए-१ मध्ये जातं, ३० मे रोजी एसएमए-२ मध्ये आणि २९ जूनला एनपीए होतं. तोच हिशेब इथं लावला तर ३० जून २०२६ चा हप्ता चुकल्यावर पुढच्या तारखा ३० जुलै, २९ ऑगस्ट आणि २८ सप्टेंबर अशा येतात. अकाउंटंटच्या कॅलेंडरवर पहिला हप्ता उगवण्याच्या दोन महिने आधीच खातं बुडीताच्या यादीत जाऊ शकतं.

प्रत्यक्षात बहुतेक बँका हप्ता कॅश क्रेडिट खात्यातूनच वळता करून घेतात, त्यामुळे तो सहसा असा उघडपणे चुकत नाही. पण त्या दिवशी मर्यादेत साडेआठ लाखांची जागा नसेल, तर हप्ता अडकतो किंवा कॅश क्रेडिट मर्यादेबाहेर जातं. म्हणून कॅलेंडरवर ३० जूनच्या आधी आणखी एक नोंद लागते, २५ जूनची : ‘हप्ता आणि व्याजापुरती जागा खात्यात आहे का?’ ३१ जानेवारी आणि २८ फेब्रुवारी २०२७ हे दोन्ही रविवार आहेत. अशा महिन्यांत ही तपासणी शुक्रवारच्या आत उरकावी लागते.

मोजणी बरोबर आहे का, याची खात्री करायला बँकेचाच कागद असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या एमएसएमई मुदत कर्जांबरोबर बँकेनं की फॅक्ट्स स्टेटमेंट द्यायचं असतं आणि त्यात परतफेडीचा तक्ताही असतो. मात्र तो पहिल्या उचलीच्या आधी तयार झालेला असतो. उचल पुढे-मागे झाली की तो जुना होतो. म्हणून पहिल्या उचलीनंतर शाखेकडून संगणकातला चालू तक्ता मागवून आपल्या तक्त्याशी ओळीनं ओळ ताडून घ्यावा. फरक दिसला तर तो त्याच आठवड्यात लेखी कळवावा.

त्याच पत्रातल्या कॅश क्रेडिटची मोजणी मात्र वेगळ्या घटनेपासून होते. ती मर्यादा ‘मंजुरीच्या तारखेपासून १२ महिने’ दिलेली आहे, म्हणजे ९ एप्रिल २०२६ पर्यंत. नूतनीकरणाचे कागद बँकेत जाऊन मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिली नोंद जानेवारीत हवी. मर्यादा ठरल्या तारखेपासून १८० दिवसांत नूतनीकृत झाली नाही, तर व्यवहार सुरळीत चालू असले तरी खातं एनपीए धरलं जातं. दरमहा १० तारखेपर्यंत द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटचंही असंच. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली ड्रॉइंग पॉवर नियमाला चालत नाही आणि तिच्यावर केलेली उचल अनियमित ठरते. शिवाय मंजूर मर्यादा एकूण ५ कोटींच्या वर गेली की, कारो २०२० लागू असलेल्या कंपनीत, बँकेला दिलेली तिमाही विवरणं हिशेबाच्या वह्यांशी जुळतात का हे लेखापरीक्षकाला अहवालात सांगावं लागतं. घाईत पाठवलेला अंदाजी आकडा मग वर्षअखेरीला समोर येतो.

तारणाच्या कलमांत घड्याळं आणखी वाढतात. या फाउंड्रीनं मशिनरी आणि मालाच्या हायपोथिकेशनच्या करारावर ५ जूनला सही केली. कारखान्याच्या जागेचे मूळ दस्त बँकेत ठेवून इक्विटेबल मॉर्गेज झालं १२ जूनला. कंपनी कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे प्रत्येक चार्जची नोंद तो निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत सीएचजी-१ फॉर्म भरून करायची असते. म्हणजे पहिल्याची मुदत ५ जुलै, दुसऱ्याची १२ जुलै. दोन्ही कागद ‘तारण’ या एका ओळीत लिहिणाऱ्याच्या हातून पहिली तारीख निसटते. उशीर झाला तर ६० दिवसांपर्यंत जादा शुल्क आणि त्यापुढे १२० दिवसांपर्यंत कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात वाढणारं शुल्क भरावं लागतं. महाराष्ट्रात दस्त ठेवून केलेल्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन दुय्यम निबंधकाकडे ३० दिवसांत दाखल करावी लागते. तिची मुदतही १२ जुलैलाच संपते. बँक आपल्या बाजूनं सेरसाईच्या नोंदवहीत वेगळी नोंद करते, पण या सगळ्या कागदांचा पाठपुरावा बहुतेक वेळा कर्जदारालाच करावा लागतो.

उरतात त्या आर्थिक अटी, ज्यांना बँकेत कॉव्हनंट्स म्हणतात. त्यांची तारीख फसवी असते. पत्रात लिहिलेलं असतं : ‘डीएससीआर किमान १.२५; लेखापरीक्षित ताळेबंद वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत द्यावा.’ कॅलेंडरवर ३० सप्टेंबर एवढंच चढतं. पण गुणोत्तर मोजलं जाणार ते ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं, आणि सप्टेंबरात त्यात काही बदलता येत नाही.

२०२७-२८ हे वर्ष घ्या. बारा हप्त्यांचं मुद्दल साधारण १ कोटी, व्याज समजा ४५ लाख, म्हणजे बँकेला द्यायचे १ कोटी ४५ लाख. करानंतरचा नफा, घसारा आणि मुदत कर्जाचं व्याज यांची बेरीज या रकमेच्या सव्वापट, म्हणजे सुमारे १ कोटी ८१ लाख हवी. डिसेंबरअखेरच्या आकड्यांवरून वर्षाचा नफा ७० लाख आणि घसारा ५८ लाख दिसतोय. त्यात व्याजाचे ४५ लाख मिळवले की १ कोटी ७३ लाख होतात आणि गुणोत्तर येतं १.१९. आठ लाख कमी पडताहेत हे जानेवारीत कळलं, तर बँकेकडे कारणांसह लेखी सूट मागायला तीन महिने मिळतात. ऑक्टोबरात तेच बँकेच्या नजरेला आलं तर तो अटीचा भंग धरला जातो आणि पत्रात लिहिलेलं दंडात्मक शुल्क लागू शकतं. २०२४ पासून हे शुल्क व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्यावर पुन्हा व्याजही लावता येत नाही, त्यामुळे खातेउताऱ्यात ते वेगळं ओळखू येतं. म्हणून डीएससीआरची खरी नोंद १० जानेवारीला असावी.

काही अटींना तारीखच नसते. ‘बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय लाभांश देऊ नये, भागधारणा बदलू नये, संचालकांनी दिलेली बिनतारणी रक्कम परत करू नये.’ अशा अटी दिवसाला बांधता येत नाहीत, घटनेला बांधाव्या लागतात. संचालक मंडळाच्या प्रत्येक बैठकीच्या नोंदीखाली ही यादी चिकटवली की विषयपत्रिका तयार करणाऱ्याला ठराव लिहिण्याआधीच ती दिसते.

कॅलेंडरवरची प्रत्येक नोंद अशी लिहावी की मूळ पत्र न उघडताही तिचा हिशेब तपासता यावा. या फाउंड्रीची एक नोंद अशी दिसेल :

‘१२ जुलै २०२५. जागेच्या चार्जचा सीएचजी-१. मंजुरीपत्र, परिशिष्टातलं तारणाचं कलम. मोजणी : १२ जूनचं मॉर्गेज + ३० दिवस. जबाबदार : कंपनी सेक्रेटरी. आठवण : २५ जून, ५ जुलै. पुरावा : नोंदणी प्रमाणपत्र.’

यात सर्वांत उपयोगी ओळ मोजणीची. मॉर्गेज १२ ऐवजी १९ जूनला झालं, तर कोणालाही कळतं की कोणत्या नोंदी सरकवायच्या आणि कोणत्या नाहीत. पहिली उचल होईपर्यंत हप्त्यांच्या नोंदी ‘तात्पुरत्या’ ठेवाव्यात आणि उचल झाली की त्या दिवसाच्या उताऱ्यावरून पक्क्या कराव्यात. उतरवणारा एक आणि मूळ पत्राशी ताडणारा दुसरा असावा. बँकेचं सुधारित पत्र आलं की फक्त बदललेली कलमं पुन्हा मोजावीत, पण जुनी नोंद पुसू नये, तिच्यापुढे सुधारित पत्राची तारीख घालावी.

या यादीतली शेवटची नोंद ३० जून २०३२ ची असेल. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत सीएचजी-४ भरून चार्ज उतरवायचा असतो. मात्र तीच जागा आणि तोच करार कॅश क्रेडिटलाही तारण असेल, तर चार्ज उतरत नाही, फक्त त्यात बदल नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी बँकेचं पत्र हवं. २०२५ मध्ये ही नोंद करणारा माणूस तोवर दुसऱ्या नोकरीत असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून हे कॅलेंडर कोणाच्या खासगी मोबाइलवर नव्हे, तर कंपनीच्या सामायिक खात्यावर असायला हवं.