ताळेबंद जुळला, पण नफा खरा आहे का? मुख्य कंपनी आणि उपकंपनीचा एकत्रित ताळेबंद

व्हिडिओत आकडे पटापट गेले, म्हणून इथे तेच उदाहरण सावकाश बघू.

आपल्या भागातली एक जोडी बघा. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला पंप बनवणारी किर्लोस्कर ब्रदर्स, आणि सातारा जिल्ह्यात कराडला मोटर बनवणारी तिची उपकंपनी, कराड प्रोजेक्ट्स अँड मोटर्स. तिथे मालकी पूर्ण १०० टक्के आहे, त्यामुळे बाहेरच्या भागधारकांचा हिस्सा काढायचा प्रश्न येत नाही. आपण समजण्यासाठी एक काल्पनिक जोडी घेऊ, जिथे हा प्रश्न येतो.

सांगलीची पंप कंपनी ही मुख्य कंपनी. साताऱ्याच्या मोटर कंपनीचे ८० टक्के शेअर तिने ५० लाखांना घेतले. उरलेले २० टक्के बाहेरच्या लोकांकडे आहेत. त्यांचा हिस्सा म्हणजेच मायनॉरिटी इंटरेस्ट.

ताळेबंद (लाख रुपये)

| | सांगली | सातारा |
|---|---|---|
| भांडवल | १०० | ४० |
| राखीव निधी | ६० | ३० |
| देणी | ४० | १० |
| एकूण | २०० | ८० |
| स्थिर मालमत्ता | ९० | ४५ |
| उपकंपनीतली गुंतवणूक | ५० | – |
| शिल्लक माल | ३५ | १५ |
| येणी व रोख | २५ | २० |
| एकूण | २०० | ८० |

शेअर घेतले त्या दिवशी साताऱ्याचा राखीव निधी १० लाख होता. सांगली साताऱ्याला ५ लाख देणं लागते. आणि सांगलीच्या शिल्लक मालात साताऱ्याकडून घेतलेल्या १० लाखांच्या मोटर आहेत. सातारा खर्चावर २५ टक्के नफा लावून माल देते.

पायरी १: गुडविल. खरेदीच्या दिवशी साताऱ्याचं भांडवल आणि राखीव निधी मिळून ५० लाख. त्याचे ८० टक्के म्हणजे ४० लाख. सांगलीने मोजले ५० लाख. वरचे १० लाख गुडविल.

पायरी २: मालातला न मिळालेला नफा. साताऱ्याने मोटर विकल्या आणि नफा धरला. पण दोन्ही कंपन्या एकच घर मानल्या, तर माल या खोलीतून त्या खोलीत गेला, गिऱ्हाईक अजून आलंच नाही. म्हणून तो नफा काढायचा. किती? इथे बरेच जण १० लाखांचे २५ टक्के करून अडीच लाख काढतात. ते चूक. नफा खर्चावर आहे, आणि १० लाख ही विक्रीची किंमत आहे. खर्च १०० तर विक्री १२५, म्हणून १० × २५ ÷ १२५ = २ लाख.

पायरी ३: हा नफा कुणाच्या खिशातून कापायचा? ज्याने माल विकला, त्याच्या. विकणारी सातारा आहे, म्हणून तिचा राखीव निधी ३० चा २८ लाख करायचा. मग बाहेरच्यांचा हिस्सा: (४० + २८) चे २० टक्के = १३.६० लाख. खरेदीनंतर वाढलेला निधी २८ – १० = १८ लाख, त्यात सांगलीचे ८० टक्के = १४.४० लाख.

पायरी ४: आपसातलं देणं-घेणं. ५ लाख देण्यातूनही आणि येण्यातूनही वजा.

एकत्रित ताळेबंद (लाख रुपये)

| देयता | | मालमत्ता | |
|---|---|---|---|
| भांडवल | १०० | स्थिर मालमत्ता | १३५ |
| राखीव निधी | ७४.४० | गुडविल | १० |
| मायनॉरिटी इंटरेस्ट | १३.६० | शिल्लक माल | ४८ |
| देणी | ४५ | येणी व रोख | ४० |
| एकूण | २३३ | एकूण | २३३ |

आता खरी गंमत बघा. तोच माल सांगलीने साताऱ्याला विकला असता, तर २ लाख पूर्ण सांगलीच्या निधीतून गेले असते. बाहेरच्यांचा हिस्सा १४ लाख, राखीव निधी ७४ लाख, आणि बेरीज? पुन्हा २३३! म्हणजे विकणारा कोण हे उलटं धरलं, तरी ताळेबंद जुळतोच. फक्त ४० हजार चुकीच्या माणसाच्या नावावर जातात. आणि २ लाख काढायचेच विसरलात, तर दोन्ही बाजू २३५ वर जुळतात. बेरीज जुळणं हा इथे पुरावा नाही.

मग पकडायचं कसं? ३१ मार्चची मालाची यादी पुरवठादारानुसार मागवा. आपल्याच दुसऱ्या कंपनीकडून आलेला किती माल गोदामात पडून आहे ते बघा, आणि नफा खर्चावर लावलाय की विक्रीवर ते विचारा.

एक लक्षात ठेवा. ही वजाबाकी फक्त एकत्रित ताळेबंदाच्या कागदावर होते. दोन्ही कंपन्यांची स्वतःची खाती आणि जीएसटीची बिलं तशीच राहतात. पुढच्या वर्षी त्या मोटर बाहेरच्या गिऱ्हाइकाला गेल्या, की तो २ लाखांचा नफा खरा होतो आणि त्या वर्षात धरला जातो.

गृहपाठ: शिल्लक मोटर १० ऐवजी १५ लाखांच्या असतील, तर सगळं पुन्हा मांडा. बाहेरच्यांचा हिस्सा १३.४० लाख आणि बेरीज २३२ लाख आली, तर गणित समजलं!