भाड्याच्या बिलात न दिसणारं व्याज

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या डिझाइन कंपनीने चाळीस लॅपटॉप घेतले असं समजा. जीएसटी सोडून किंमत २० लाख. पैसे एकदम गुंतवायचे नाहीत म्हणून वित्त कंपनीने लॅपटॉप विकत घेऊन या कंपनीला ३६ महिन्यांच्या लीजवर दिले. मालकी वित्त कंपनीची, वापर डिझाइन कंपनीचा, मुदतीनंतर लॅपटॉप परत. महिना संपला की बिल येतं: लीज रेंटल ६६,४२९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ११,९५७, एकूण ७८,३८६. मुद्दल आणि व्याज हे शब्द बिलात कुठेच नसतात, आणि कायद्याने ते असायलाही हवेत असं नाही.

हिशेब लिहिणाऱ्याच्या मनात इथे पहिला मोह येतो तो सगळे ६६,४२९ ‘भाडे’ या खात्यावर टाकून मोकळं होण्याचा. ऑफिसच्या जागेच्या भाड्याला आपण तेच करतो. पण लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्यच कंपनी कायद्याच्या परिशिष्टात तीन वर्षांचं धरलं आहे, लीजही तीन वर्षांचं, आणि येणाऱ्या सगळ्या भाड्यांची आजची किंमत काढली तर ती बरोबर २० लाख भरते. म्हणजे वित्त कंपनीने वस्तूची पूर्ण किंमत व्याजासकट वसूल करायची ठरवली आहे. अशा व्यवहाराला लेखा मानक १९ ‘फायनान्स लीज’ म्हणतं, आणि कागदावर भाडं असलं तरी वहीत ते कर्जासारखं लिहायला सांगतं. मोठ्या कंपन्यांना लागू असलेलं इंड एएस ११६ तर १ एप्रिल २०१९ पासून याहून पुढे गेलं आहे: वर्षभराच्या किंवा त्याहून कमी मुदतीची आणि किरकोळ किमतीची लीजं सोडली तर बाकी जवळपास सगळ्यांनाच भाडेकरूच्या वहीत अशी वागणूक.

मग व्याज किती हे कळायचं कसं? दर बिलात नाही, पण तो त्याच्या आकड्यांतच आहे. ३६ हप्ते, प्रत्येक हप्ता आणि सुरुवातीची किंमत ठाऊक असली की एक्सेल दर काढून देतं.

```
=RATE(36,-66429,2000000)
=IPMT(1%,1,36,-2000000)
```

पहिलं सूत्र महिन्याला १ टक्का सांगतं, म्हणजे वर्षाला १२. दुसरं सांगतं की पहिल्या महिन्याचं व्याज २०,००० रुपये. ते डोक्यातही करता येतं: २० लाखांवर एक टक्का. उरलेले ४६,४२९ मुद्दल. दुसऱ्या महिन्यात बाकी १९,५३,५७१ राहिली, म्हणून व्याज १९,५३६ आणि मुद्दल ४६,८९३. असं करत छत्तिसाव्या बिलात व्याज उरतं फक्त ६५८ रुपये. बिलाचा आकडा तीन वर्षं जागचा हलत नाही, आतली वाटणी मात्र दर महिन्याला बदलते. म्हणून हे कोष्टक पहिल्याच दिवशी करून ठेवावं आणि करारनाम्याच्या प्रतीला जोडावं. वर्षअखेर ऑडिटरसमोर बसून ते करणं म्हणजे बारा नोंदी उलटवणं आलंच.

करारातली एक बाब मात्र वाचल्याशिवाय सूत्र चालवू नये: भाडं महिन्याच्या शेवटी द्यायचं की सुरुवातीला. आगाऊ भाड्याची पद्धत बरीच चालते. तेव्हा पहिल्या हप्त्यात व्याज शून्य असतं, कारण पैसे वापरायला अजून एक दिवसही मिळालेला नसतो. आणि तेच ६६,४२९ आगाऊ भरले तर खरा दर १२ वरून पावणेतेरा टक्क्यांच्या जवळ जातो. वाटाघाटीत ‘हप्ता तोच आहे’ असं सांगितलं जातं, तेव्हा हे लक्षात असलेलं बरं.

आता नोंदी. पहिल्या दिवशी लॅपटॉप मालमत्तेत २० लाखांना नावे, लीज देणे २० लाखांना जमा. पहिलं बिल आलं की लीज देणे ४६,४२९ नावे, व्याज खर्च २०,००० नावे, इनपुट जीएसटी ११,९५७ नावे. जमेच्या बाजूला वित्त कंपनी ७७,०५७ आणि टीडीएस १,३२९. यंत्र किंवा उपकरणाच्या भाड्यावर टीडीएस २ टक्के. मासिक भाडं ५०,००० च्या वर असल्याने तो लागतो, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर तो सोडून उरलेल्या रकमेवरच कापायचा. घसारा वेगळा लिहायचा: ३६ महिन्यांत २० लाख, महिन्याला ५५,५५६. त्यामुळे पहिल्या महिन्यात नफ्यातून ७५,५५६ वजा होतात आणि शेवटच्या महिन्यात ५६,२१४. तीन वर्षांची बेरीज भाड्याइतकीच, २३,९१,४४४ रुपये. फक्त खर्च आधी जास्त आणि मागून कमी पडतो.

सर्वांत जास्त गोंधळ जीएसटीवर होतो. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणीतरी विचारतं की मग ४६,४२९ वरच कर का नको. उत्तर असं, की जीएसटीच्या नजरेत इथे कर्ज नाहीच. वस्तू वापरायचा हक्क दिला ही सेवा आणि तिचं मोल म्हणजे पूर्ण भाडं. वहीतल्या वाटणीशी त्याला देणंघेणं नाही. जीएसटीच्या आधी चित्र निराळं होतं: व्हॅट भाड्यावर, आणि सेवाकर फक्त व्याजाच्या भागावर, तोही सवलतीने. फायनान्स लीजवरचा हा सेवाकर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वैध ठरवला होता. तेव्हा व्याज वेगळं दाखवण्यात वित्त कंपनीचा फायदा होता. आता तसं कारण राहिलेलं नाही.

याची किंमत काढून पाहण्यासारखी आहे. लॅपटॉप रोख घेतले असते तर जीएसटी ३,६०,००० झाला असता. लीजमध्ये तीन वर्षांत तो ४,३०,४६० होतो. वरचे ७०,४६० म्हणजे व्याजावरचा कर. डिझाइन कंपनीला इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणून तिला तो शेवटी भारी पडत नाही. क्रेडिट मात्र प्रत्येक बिलागणिक घ्यायचं, पहिल्याच महिन्यात ३,६०,००० चं नाही. पण हेच लॅपटॉप एखाद्या रुग्णालयाने किंवा शाळेने घेतले, तर तिथे क्रेडिट बहुतांशी मिळत नाही आणि ही रक्कम सरळ खिशातून जाते. त्यांनी लीज आणि बँकेचं कर्ज यांची तुलना नुसत्या व्याजदरावर करू नये.

आयकर पुन्हा तिसऱ्याच वाटेने जातो. मालक वित्त कंपनी, म्हणून घसारा तिचा. लेखा मानकामुळे भाडेकरूने मालमत्ता वहीत दाखवली तरी त्याने आयकरातल्या घसाऱ्यावर परिणाम होत नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २००१ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. भाडेकरू विवरणात पूर्ण भाडं खर्च म्हणून मागतो आणि वहीतलं व्याज व घसारा आधी नफ्यात परत मिळवतो. वित्त कंपनीच्या वहीत तर याच्या उलट गंमत असते: पहिल्या बिलातलं तिचं उत्पन्न फक्त २०,०००, पण जीएसटी विवरणातली उलाढाल ६६,४२९. हा फरक चूक नसतो, पण त्याचा ताळमेळ दरवर्षी लिहून ठेवावा लागतो.

वाटणी बरोबर चालली आहे का हे तपासायला एकच आकडा पुरे: महिनाअखेर लीज देण्याच्या खात्यातली बाकी कोष्टकातल्या बाकीशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर बहुधा कुणीतरी जीएसटीसकट ७८,३८६ ची वाटणी केलेली असते, किंवा उशीर झाल्याचा दंड मुद्दलात मिसळलेला असतो. छत्तिसाव्या बिलानंतर बाकी शून्यावर आली पाहिजे. पुष्कळदा लॅपटॉप परत जात नाहीत, कमी भाड्यावर आणखी सहा महिने वापरले जातात, आणि सॉफ्टवेअरमध्ये लावून ठेवलेली मासिक नोंद तशीच पुढे चालू राहते. मग देण्याच्या खात्यात नावे बाकी दिसू लागते, जणू वित्त कंपनीच आपलं देणं लागते. वाढीव महिन्यांच्या त्या बिलात मुद्दल उरलेलंच नसतं. ते पूर्ण ‘भाडे’ या खात्यावर टाकायचं.